मॉडेल बंद करताय? ग्राहकाला पत्र असं लिहा

एखादं मॉडेल बंद करायचं ठरतं ते कारखान्याच्या हिशोबाच्या वहीत. ग्राहकाच्या घरात मात्र ते रोज चालू असतं. म्हणून बंदचं पत्र हातात पडलं की ग्राहक पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: ‘माझ्याकडच्या यंत्राचं काय?’ कंपनीनं असं का ठरवलं, हा प्रश्न त्याला नंतर पडतो, कधी पडतही नाही. बहुतेक पत्रं नेमकी उलटी लिहिलेली असतात. पहिले दोन परिच्छेद कंपनीच्या वाटचालीचे, तिसरा बदलत्या बाजारपेठेचा आणि सुट्या भागांबद्दलची ओळ सगळ्यात शेवटी, तीही ‘शक्य तोवर सेवा देण्याचा प्रयत्न राहील’ अशी मोघम.

ती ओळ मोघम होते त्याचं कारण बहुधा लिहिणाऱ्याची भाषा नसते. भाग किती लागतील, ते कुठून येतील आणि कोणत्या तारखेपर्यंत पुरतील, याचा हिशोब कुणी केलेलाच नसतो. हिशोब झाला असेल तर पत्र तासाभरात लिहून होतं. म्हणून या लेखात आधी हिशोब पाहू, मग पर्याय आणि त्यानंतर पत्र.

उदाहरण घरघंटीचं

समजा, कुपवाड एमआयडीसीतला एक लघुउद्योग घरघंट्या बनवतो. त्याच्या ‘लहान’ मॉडेलच्या नऊ वर्षांत ३,४०० गिरण्या विकल्या गेल्या. गिरणीत एक अश्वशक्तीची, पण खास आखूड बांध्याची मोटर आहे. त्यामुळे गिरणीची उंची ६० सेंटिमीटरच्या आत राहते आणि ती ओट्याखाली सरकवता येते. किंमत १६,५०० रुपये. मोटरला पाच वर्षांची वॉरंटी आणि बाकी भागांना एक वर्षाची.

आता मोटर पुरवणारा ती आखूड मोटर बनवणं थांबवतोय आणि इतक्या कमी संख्येसाठी दुसरा कुणी ती बनवायला तयार नाही. कारखान्याचं ‘मध्यम’ मॉडेल चालू राहणार आहे. ते १९,८०० रुपयांना आहे, दळण तेवढंच देतं, पण ९० सेंटिमीटर उंच असल्यामुळे ओट्याखाली मावत नाही.

इथले सगळे आकडे उदाहरणापुरते आहेत. रीत मात्र मिक्सरला, फवारणी पंपाला किंवा शिलाई मशीनलाही लागू पडेल.

चार तारखा वेगळ्या ठेवा

‘३० जूनपासून मॉडेल बंद’ या वाक्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. बनवणं बंद, विकणं बंद की दुरुस्ती बंद? यातली प्रत्येक तारीख वेगळी असते आणि ती वेगळी सांगावी लागते. संगणकाच्या क्षेत्रात ही पद्धत रुळलेली आहे. विंडोज एक्सपीची दुकानातली सर्वसाधारण विक्री ३० जून २००८ला थांबली, पण मायक्रोसॉफ्टनं तिला आधार दिला ८ एप्रिल २०१४पर्यंत. ही दुसरी तारीख आधीच जाहीर असल्यामुळे कार्यालयांना तयारीला वेळ मिळाला.

आपल्या कारखान्याच्या तारखा अशा धरू. दुकानदारांकडून शेवटची मागणी ३१ मे २०२६पर्यंत घ्यायची. शेवटची गिरणी ३० जून २०२६ला बनेल. दुकानदारांनी ३० सप्टेंबर २०२६पर्यंतच विक्री करायची आणि त्यानंतर उरलेला माल कारखाना परत घेणार. चौथी तारीख सुट्या भागांची. हिशोब हमखास चुकतो तो इथेच.

बरेच उद्योजक ही तारीख उत्पादन थांबल्यापासून मोजतात: ३० जून २०२६ अधिक पाच वर्षं, म्हणजे ३० जून २०३१. पण वॉरंटी सुरू होते ती ग्राहकाच्या बिलाच्या तारखेपासून. जी गिरणी दुकानदारानं ३० सप्टेंबर २०२६ला विकली, तिच्या मोटरची वॉरंटी सप्टेंबर २०३१च्या अखेरपर्यंत चालणार. म्हणजे शेवटचे तीन महिने वॉरंटी चालू, पण भाग संपलेले, अशी अवस्था येईल. म्हणून मोजणी शेवटच्या किरकोळ विक्रीपासून करायची आणि वर थोडी मोकळीक ठेवायची. आपण ३१ मार्च २०३२ धरू. दुकानदारांची विक्री एका ठरलेल्या दिवशी थांबवून उरलेला माल परत घ्यायचा तोही याचसाठी. ती तारीख बांधली नाही, तर एखाद्या तालुक्याच्या दुकानात दोन वर्षं पडून राहिलेली गिरणी नवी वॉरंटी घेऊन बाहेर पडते.

घरगुती उपकरणांचे सुटे भाग अमुक वर्षं ठेवलेच पाहिजेत, असा सरसकट दंडक आपल्याकडे नाही. युरोपीय संघानं मार्च २०२१पासून फ्रिज, वॉशिंग मशीन यांसारख्या उपकरणांसाठी तो घातला आहे आणि भागानुसार सात ते दहा वर्षांची मुदत ठरवली आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं या चार क्षेत्रांवर त्याचा भर आहे. तेव्हा वॉरंटीपुरती मुदत ही किमान मर्यादा समजा. त्याहून जितकं पुढे जाता येईल तितकं बरं.

भागांचा साठा किती करायचा?

आधी भागांची दोन गटांत विभागणी करा. बेअरिंग, कपॅसिटर, स्विच, वायर हे भाग कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. त्यांचा साठा करण्यात पैसे अडकवू नका. त्याऐवजी बेअरिंगचा नंबर आणि कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे, हे पत्रातच छापा. एवढ्या दोन आकड्यांवर गावातला मेकॅनिक अर्ध्याहून अधिक दुरुस्त्या करू शकतो आणि २०३२ उलटल्यावरही ग्राहकाचं अडत नाही. काही उद्योजकांना ही माहिती गुपित ठेवावीशी वाटते, कारण त्यातून सर्व्हिसिंगचं उत्पन्न येतं. मॉडेलच बंद होत असताना या गुपिताला अर्थ उरत नाही.

दुसरा गट आपल्याच मॉडेलला बसणाऱ्या भागांचा. इथे ते मुख्यतः दोन: दळणाचं चेंबर आणि आखूड मोटर. जाळ्या ‘मध्यम’ मॉडेलच्याच बसतात, म्हणून त्यांची चिंता नाही.

चेंबर गेली तीन वर्षं सरासरी ४० लागली. मॉडेल बंद झाल्यावर ही मागणी घटेल, असं वाटणं साहजिक आहे. पण चेंबर झिजतं ते वापरानं, आणि सर्वाधिक गिरण्या अलीकडच्या वर्षांत विकल्या गेल्या असतील तर त्या झिजायच्या अजून बाकी आहेत. म्हणून घट धरू नका. जुलै २०२६ ते मार्च २०३२ ही पावणेसहा वर्षं, दर वर्षी ४०, म्हणजे २३०. वर २० जादा धरून २५०. एक चेंबर ४५० रुपयांना पडत असेल तर हे १,१२,५०० रुपये झाले.

मोटरचा प्रश्न अवघड, कारण ती महाग आहे आणि तिच्यावर वॉरंटी सगळ्यात मोठी. वर्षाला सुमारे २४ मोटरी जळतात असं धरलं, तर पावणेसहा वर्षांत १३८. प्रत्येकी ३,२०० रुपयांनी सगळ्या नव्या घेऊन ठेवायच्या तर ४,४१,६०० रुपये लागतील. लहान कारखान्याला ते झेपणार नाही. पण जळालेली मोटर बहुतेक वेळा रिवाइंडिंग करून पुन्हा चालते. शाफ्ट वाकला किंवा बॉडी फुटली, तरच नवी लागते. चारात एक मोटर अशी निकामी निघेल असं धरलं, तर नव्या ३५ लागतील. त्याशिवाय १५ मोटरी फिरत्या ठेवायच्या. मेकॅनिक येईल तेव्हा यातली एक बसवून जाईल आणि जळालेली घेऊन जाईल. ती रिवाइंड झाली की याच पंधरात जमा होईल. अशा एकूण ५० मोटरी झाल्या, १,६०,००० रुपयांच्या.

दोन्ही मिळून २,७२,५०० रुपये. विकलेल्या ३,४०० गिरण्यांवर हा खर्च वाटला तर एका गिरणीमागे ८० रुपये येतात. ‘३१ मार्च २०३२पर्यंत भाग मिळतील’ या वाक्याची किंमत ही एवढी आहे, आणि ती मोजायची तयारी असेल तरच ते वाक्य पत्रात घालावं. पुरवठादार मोटर थांबवण्याआधी ही शेवटची मागणी त्याच्याकडे लेखी नोंदवा. मोटरी पोचल्या किंवा निदान त्यांची आगाऊ रक्कम भरली, की मगच पत्र छापायला द्या.

यात दोन अडचणी येतात. वॉरंटीच्या काळात रिवाइंड केलेली मोटर बसवता येईल का, हे आपल्याच वॉरंटी कार्डावरच्या शब्दांवर ठरतं. ‘दुरुस्त करून किंवा बदलून देऊ’ असं छापलं असेल तर बसवता येते, पण ग्राहकाला तसं सांगून. ‘नवी मोटर देऊ’ असं छापलं असेल तर नवीच द्यावी लागेल आणि ३५चा आकडा वाढेल. दुसरी अडचण साठवणीची. नुसत्या पडून राहिलेल्या मोटरीत ओल धरते आणि बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं. त्यामुळे त्या कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा, अधूनमधून शाफ्ट हातानं फिरवा आणि बसवण्याआधी मेगरनं इन्सुलेशन तपासा. तपासणी न करता चार वर्षांनी बसवलेली मोटर पहिल्याच दळणाला गेली, तर पत्रातल्या शब्दावरचा विश्वास तिच्याबरोबरच जातो.

पर्याय न्याय्य आहे की नाही?

‘जुनं द्या, नवं घ्या, ३,५०० रुपये सूट’ हा पर्याय सगळ्यांना सुचतो. तो न्याय्य आहे का, हे ओळखायची सोपी कसोटी आहे. जुनी गिरणी न देताच दिवाळीत कुणालाही दुकानात तेवढी सूट मिळत असेल, तर ग्राहकाला आपण काहीच दिलेलं नाही. आधी छापील किंमत वाढवून मग सूट दाखवली, तर ती सरळ दिशाभूल आहे. म्हणून अदलाबदलीचा दर दुकानातल्या नेहमीच्या प्रत्यक्ष विक्रीदरावर धरा आणि सणाच्या सवलतीतूनही तो वेगळा कापून मिळेल, असं दुकानदारांना लेखी कळवा.

दर गिरणीच्या वयावरून ठरवावा. तीन वर्षांच्या आतल्या गिरणीला ५,०००, तीन ते सहा वर्षांच्या गिरणीला ३,५०० आणि त्याहून जुनीला २,००० रुपये, असं धरू. गिरणी चालू असलीच पाहिजे, ही अट घालू नका. बंद पडलेल्यांनाच पर्यायाची गरज जास्त असते, आणि परत आलेल्या गिरणीतलं चेंबर किंवा मोटरची बॉडी आपल्या साठ्याला उपयोगी पडते. बिलाचीही सक्ती नको. मागच्या पट्टीवरच्या अनुक्रमांकावरून गिरणी कोणत्या वर्षी बनली, हे कारखान्याला कळतंच.

सगळ्या ग्राहकांना मात्र एकच पर्याय चालत नाही. निदान चार जण वेगळे काढावे लागतात.

पहिला, आगाऊ रक्कम भरून गिरणीची वाट पाहणारा. त्याला ठरलेल्या तारखेला ‘लहान’ गिरणी मिळणार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पूर्ण पैसे परत, किंवा त्याच १६,५०० रुपयांत ‘मध्यम’ मॉडेल. यातलं काय हवं ते त्यानं ठरवायचं. ‘रक्कम पुढील खरेदीत वळती करू’ एवढाच पर्याय दिला, तर त्याचे पैसे अडकवून ठेवल्यासारखं होईल.

दुसरा, पत्र निघायच्या थोडंच आधी खरेदी केलेला. सगळ्यात जास्त राग याला येतो, आणि तो रास्त असतो. दुकानदाराला नाही तरी कारखान्याला बंदची कल्पना होती. पत्राच्या तारखेआधीच्या ९० दिवसांत गिरणी घेणाऱ्याला फक्त किमतीतला फरक, म्हणजे ३,३०० रुपये भरून ‘मध्यम’ घेता यावी. असे ग्राहक थोडेच असतात आणि खर्च फारसा येत नाही.

तिसरा, पत्र निघाल्यानंतर दुकानात उरलेली ‘लहान’ गिरणी विकत घेणारा. त्याला मॉडेल बंद होत असल्याचं विक्रीआधी सांगायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत येतं आणि ग्राहकाला लागणारी माहिती हेतुपुरस्सर दडवणं हे सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत. खोक्यावर चिकटपट्टी लावा आणि बिलावर शिक्का मारा: ‘हे मॉडेल बंद होत आहे. सुटे भाग ३१ मार्च २०३२पर्यंत मिळतील.’ किंमत थोडी उतरवून, खरं सांगून विकलेल्या मालाची तक्रार सहसा येत नाही.

चौथी, याच गिरणीवर शेजारपाजारचं दळण आणि भाजणी करून चार पैसे मिळवणारी गृहिणी किंवा बचत गट. कागदावर व्यावसायिक वापराला वॉरंटी नसते. पण गिरणी आठ दिवस बंद राहिली तर त्यांचं आठ दिवसांचं उत्पन्न बुडतं. फिरत्या मोटरींमधली पहिली मोटर अशांना द्या, पैसे घेऊन का होईना. एवढ्यावर त्यांचं भागतं.

आणि जो ग्राहक कुठलाच बदल करू इच्छित नाही, त्याचा पर्याय यादीत सगळ्यात वर हवा: गिरणी आहे तशी वापरा, भाग मिळतील. हा पर्याय खाली ढकलला, तर पत्राला नवा माल खपवण्याचा वास येतो.

पत्राचा नमुना

एवढं ठरल्यावर पत्र छोटं होतं. एका पानात, मोठ्या ठशात आणि ज्या भाषेत ग्राहक दुकानदाराशी बोलतो त्या भाषेत.

> दिनांक: १६ मार्च २०२६
>
> विषय: ‘लहान’ घरघंटी बंद होत आहे. आपल्याकडच्या गिरणीची वॉरंटी आणि दुरुस्ती चालू राहील.
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्याकडे आमची ‘लहान’ घरघंटी आहे. हे मॉडेल आम्ही ३० जून २०२६ला बनवणं बंद करत आहोत. आपल्या गिरणीची वॉरंटी कार्डावर छापली आहे तशीच राहील. सुटे भाग आणि दुरुस्ती ३१ मार्च २०३२पर्यंत मिळेल.
>
> या गिरणीत बसणारी आखूड मोटर पुरवठादार बंद करत आहे. दुसरी मोटर बसवायची तर गिरणीची उंची वाढते. म्हणून हा निर्णय घ्यावा लागला. गिरणीत कोणताही दोष आढळलेला नाही आणि ती वापरण्यात धोका नाही.
>
> आपल्यापुढे तीन पर्याय आहेत:
>
> १. गिरणी आहे तशी वापरत राहा. काहीही करण्याची गरज नाही. बेअरिंग आणि कपॅसिटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतील, त्यांचे नंबर मागच्या बाजूला छापले आहेत. चेंबर आणि मोटर आमच्याकडे मिळेल.
>
> २. जुनी गिरणी देऊन ‘मध्यम’ मॉडेल घ्या. जुन्या गिरणीचे तिच्या वयानुसार ५,०००, ३,५०० किंवा २,००० रुपये धरले जातील. गिरणी बंद पडलेली असली तरी चालेल, बिल नसलं तरी चालेल. मुदत ३१ डिसेंबर २०२६. ‘मध्यम’ मॉडेल ९० सेंटिमीटर उंच आहे आणि ओट्याखाली मावत नाही. कृपया जागा मोजून मगच ठरवावं.
>
> ३. आपण ही गिरणी १६ डिसेंबर २०२५ला किंवा त्यानंतर घेतली असेल, तर फक्त ३,३०० रुपये भरून ‘मध्यम’ मॉडेल घेता येईल. मुदत ३० जून २०२६.
>
> आपल्याला आणखी एक ‘लहान’ गिरणी हवी असल्यास ३१ मे २०२६पर्यंत आपल्या दुकानदाराकडे सांगावं.
>
> काही विचारायचं असल्यास सोमवार ते शनिवार सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत फोन करावा. फोनवर गिरणीच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक सांगावा.
>
> कळावे,
>
> (सही, नाव, हुद्दा, फोन)

या पत्रात विषयाच्या ओळीतच दोन्ही गोष्टी आल्या आहेत. ज्यानं पुढे वाचलंच नाही, त्यालाही घाबरण्याचं कारण उरत नाही. कारण दोन वाक्यांत संपतं आणि ते खरं आहे. ‘दोष आढळलेला नाही’ हे वाक्य मात्र विसरू नका. मॉडेल बंद झालं म्हटलं की काहीतरी बिघाड निघाला असणार, हाच पहिला तर्क होतो. अर्थात ते खरं असेल तरच लिहायचं. दोषामुळे माल मागे घ्यावा लागत असेल तर ते वेगळं पत्र आहे आणि त्यात पहिली ओळ ‘वापर ताबडतोब थांबवा’ ही हवी.

‘मध्यम’ ओट्याखाली मावत नाही, हे आपणहून सांगितलं आहे. लोकांनी ‘लहान’ घेतली होतीच ती जागेसाठी. ही गोष्ट गिरणी घरी पोचल्यावर कळली, तर परत नेण्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही कारखान्याच्या माथी येतात. काही ग्राहक यामुळे दुसऱ्या कंपनीची छोटी गिरणी घेतील. ते कुठल्याही पत्रानं टळणार नाही.

कोणती वाक्यं काढून टाकायची?

‘आपणास कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे’ हे वाक्य बंदच्या पत्रात शोभत नाही. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हेही काढा, कारण त्यातून काही लपवल्याचा भास होतो. ‘साठा असेपर्यंत’ हे शब्द सुट्या भागांपुढे लिहिले की तारखेला अर्थच राहत नाही. तारीख द्यायची तर ती साठ्यानं पाळायची, साठ्याची पळवाट ठेवायची नाही.

‘याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ ही ओळ अनेक पत्रांच्या तळाशी सवयीनं चिकटवलेली असते. वॉरंटी हा झालेला करार आहे. त्यातला ग्राहकाचा हक्क अशा ओळीनं संपत नाही, फक्त ग्राहक दुखावतो. आणि वाद झालाच तर २०१९च्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. सोलापूरच्या ग्राहकासाठी कुपवाडच्या कारखान्याला सोलापूरला जावं लागेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही तर फोनवरच उपलब्ध असते.

पत्र कुणाला, कधी आणि कसं?

दुकानदार आणि मेकॅनिक यांना पत्राची प्रत दोन दिवस आधी द्या. गावात मेकॅनिकचा शब्द पत्राहून भारी असतो. त्याला आधी माहीत नसेल तर ‘आता भाग मिळणार नाहीत, नवी घ्या’ असं तो आपल्या समजुतीनं सांगून मोकळा होतो. फार आधीही देऊ नका, नाही तर जुना माल गुपचूप खपवायला वेळ मिळतो.

३,४०० ग्राहकांपैकी सगळ्यांचे पत्ते कारखान्याकडे नसतातच. वॉरंटी कार्ड भरून पाठवणारे थोडे, आणि गिरणी लेकीच्या घरी पोचलेली असते किंवा घरच बदललेलं असतं. म्हणून ज्यांचा पत्ता आहे त्यांना टपालानं पत्र, ज्यांचा फक्त मोबाइल नंबर आहे त्यांना व्हॉट्सअॅपवर पत्राचा फोटो आणि बाकीच्यांसाठी प्रत्येक दुकानात काउंटरवर लावलेली प्रत. मेकॅनिक ज्या घरी जाईल तिथे एक प्रत देऊन नवा नंबर लिहून आणेल. व्हॉट्सअॅपवर फोटोआधी एक ओळ टाईप करा: ‘लहान घरघंटी बंद होत आहे, आपल्या गिरणीची दुरुस्ती ३१ मार्च २०३२पर्यंत चालू राहील.’ फोटो न उघडणाऱ्यालाही तेवढं पोचतं.

फोन घेणाऱ्याला उत्तरांचा कागद हवा. बहुतेक फोन चार प्रश्नांचे येतात: माझी वॉरंटी गेली का, मोटर जळाली तर काय, जुनीचे किती धरणार आणि ती न्यायला कोण येणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या नमुन्यातही नाही. वाहतुकीचा खर्च कारखान्याचा की ग्राहकाचा, हे पत्र छापण्याआधी ठरवून पर्याय दोनमध्ये एका ओळीत घाला. गिरणी जड असते. ती दुकानापर्यंत नेण्याचा रिक्षाखर्च ग्राहकावर टाकला, तर २,००० रुपयांच्या अदलाबदलीतलं बरंचसं तिथेच जातं.

पहिल्या दोन आठवड्यांत कोणता प्रश्न किती वेळा आला, त्याच्या रेघा कागदावर ओढत राहा. एकच प्रश्न वारंवार येत असेल तर पत्रात ती गोष्ट नीट सांगितलेली नाही. दुकानातल्या प्रती बदला आणि व्हॉट्सअॅपवर दुरुस्त ओळ पाठवा.

नंतर वर्षातून एकदा साठा मोजायचा. २०२८च्या जूनअखेर २५०पैकी १७० चेंबर उरली असतील तर हिशोब बरोबर चालला आहे, कारण दोन वर्षांत ८० जायला हवी होती. १३० उरली असतील तर याच वेगानं साठा २०३०च्या आसपास संपेल. अशा वेळी ओतकामाचा साचा मोडीत काढलेला नसेल, तरच आणखी चेंबर करून घेता येतात. म्हणून साचा ३१ मार्च २०३२पर्यंत भंगारात द्यायचा नाही, असं त्यावरच रंगानं लिहून ठेवा. आणि सप्टेंबर २०३१मध्ये दुसरं पत्र पाठवा: भाग मिळायला सहा महिने उरले आहेत, एखादं चेंबर जादा घेऊन ठेवायचं असेल तर आता घ्या, उरलेला साठा नंतर मेकॅनिकांना देणार आहोत. हे पत्र कुणी पाठवायचं त्या हुद्द्याचं नाव आजच्याच फाइलमध्ये लिहा. पाच वर्षांत माणसं बदलतात, आणि पहिल्या पत्रावर सही करणारा तेव्हा कारखान्यात असेलच असं नाही.